सीपीके वाढला, तर दोष पावडरचा की बैठकांचा?

प्रश्न: "वय २४. महिनाभराच्या सुट्टीनंतर जिमला जाऊन पायांचा व्यायाम जोरात केला. दोन दिवसांनी रक्त तपासलं तर सीपीके ३,१८० आणि एसजीओटी पण वाढलेलं. तीन महिन्यांपासून रोज ५ ग्रॅम क्रिएटिन घेतोय. हे क्रिएटिनमुळे झालं का? बंद करू का?"

पावडरमुळे नाही, त्या दिवसाच्या व्यायामामुळे. पण लघवीचा रंग कसा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. कोऱ्या चहासारखी गडद होत असेल, किंवा खूप कमी होत असेल, मांड्या सुजून दगडासारख्या घट्ट झाल्या असतील, उलट्या होत असतील, तर पुढचं वाचत बसू नका, आजच दवाखाना गाठा. यातलं काही नसेल तर निवांत वाचा.

मी डॉक्टर नाही. बेळगावात रक्त तपासायच्या लॅबमध्ये बावीस वर्षं मशीनपुढे बसतोय. आमच्या भागात तालमीतली पोरं आहेत, भरतीची तयारी करणारी आहेत, आता जिमवाली वाढलीत, त्यामुळे असले रिपोर्ट दर महिन्याला हातातून जातात. आणि दर वेळी माणूस नावालाच फसतो.

नावं तीन आहेत आणि तिन्ही सारखीच ऐकू येतात. क्रिएटिन म्हणजे तुमच्या डब्यातली पावडर, जी शरीर स्वतःही बनवतं आणि मटण-मासळीतूनही मिळते. क्रिएटिनिन म्हणजे त्याच क्रिएटिनचा उरलेला कचरा, जो किडनी बाहेर टाकते. आणि क्रिएटिन कायनेज, ज्याला आपल्याकडचे डॉक्टर सीपीके लिहितात, ते एन्झाइम आहे, स्नायूच्या पेशीत राहून काम करणारं.

गुळाच्या अडतीचं बघा. पेशी म्हणजे गोदाम, क्रिएटिन म्हणजे आतल्या ढेपा आणि कायनेज म्हणजे हमाल. स्नायूला झटकन ताकद लागली की हा हमाल साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटमधला फॉस्फेट उचलून देतो आणि त्यातून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं. पावडर खाल्ली की ढेपा वाढतात, म्हणून सेटमध्ये एखाद-दुसरी बैठक जास्त निघते. पण ढेपा वाढल्या म्हणून हमाल रस्त्यावर येत नाहीत. हमाल रस्त्यावर दिसले तर समजायचं, गोदामाची भिंत कुठेतरी फुटलीय. रक्तातला सीपीके म्हणजे रस्त्यावरच्या हमालांची मोजणी.

पावडर रक्तात उतरून मशीनला फसवत असेल का, असंही कुणी विचारतं. नाही फसवत. ही तपासणी करताना क्रिएटिन फॉस्फेट आम्हीच रिएजंटमधून, म्हणजे तपासणीच्या रसायनातून, भरपूर देतो आणि ते एन्झाइम किती वेगानं खपवतं ते मोजतो. तुम्ही काय प्यायलात त्याचा त्या वेगाशी संबंध नाही. क्रिएटिन घेणारे आणि न घेणारे यांना सारखा व्यायाम देऊन तपासलंय, त्यातही पावडरवाल्यांचा सीपीके पावडरमुळे जास्त निघाला असं दिसलेलं नाही. एवढं मात्र खरं, की पावडरच्या जोरावर माणूस दोन सेट जास्त मारतो आणि ते जास्तीचे सेट स्नायू फोडतात. तो दोष सेटचा.

आता भिंत फुटते कशानं ते सांगतो, कारण खरी गंमत तिथंच आहे. वजन उचलताना स्नायू आखडतो, त्यात इजा कमी. वजन सावकाश खाली सोडताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्यात तंतू फाटतात. बैठकीत खाली जाताना हेच होतं, स्क्वॉटमध्येही हेच. येळ्ळूरचा राजहंसगड धावत चढणाऱ्याला दम लागतो, पण तोच गड धावत उतरणाऱ्याचे पाय दुसऱ्या दिवशी जिना उतरू देत नाहीत. त्यातून सवय तुटलेली असेल तर इजा कैक पटीनं वाढते.

खानापूर तालुक्यातला एक पोरगा आमच्याकडे आला होता, वय २१, भरतीच्या तयारीतला. लावणीच्या दिवसांत तालीम सुटली ती गणपती होईपर्यंत सुटलीच. मग एका रविवारी वस्तादांपुढे मान खाली घालायला नको म्हणून पहिल्याच दिवशी ५०० बैठका मारल्या. मंगळवारी खुर्चीतून उठताना हात टेकायला लागले. बुधवारी लॅबच्या पायऱ्या तो कठड्याला धरून, तिरका होऊन उतरला आणि मला म्हणाला, "काका, पाय माझे नाहीतच असं वाटूलालंय."

बुधवारचा त्याचा सीपीके ८,४०० होता. पुरुषांची वरची मर्यादा लॅबप्रमाणे बदलते, पण बहुतेक ठिकाणी २०० ते ३०० युनिटच्या आसपास असते. एसजीओटी १७०, एसजीपीटी ६८. लिव्हरच्या तपासणीतले हे दोन आकडे बघून गावात कुणीतरी कावीळ ठरवली आणि झाडपाल्याचा काढा सुरूही केला. खरं तर एसजीओटी स्नायूतही भरपूर असतं, एसजीपीटी थोडं असतं, आणि स्नायू फाटला की दोन्ही रक्तात येतात. त्याचं बिलिरुबिन आणि जीजीटी दोन्ही नॉर्मल होतं. जीजीटी स्नायूतून येत नाही, म्हणून लिव्हरचं दुखणं की मांडीचं, हे ओळखायला ती तपासणी कामाची. तुमचं एसजीओटी त्याच रांगेतलं दिसतंय, डॉक्टरांना जीजीटी लिहून द्यायला सांगा.

लघवी आम्ही त्याच दिवशी बघितली. यातली एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. लघवीत बुडवायच्या डिपस्टिक पट्टीवर रक्ताचा चौकोन हिरवा झाला, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी एकही नाही, तर तो बहुधा स्नायूतून सुटलेला मायोग्लोबिन असतो. तोच किडनीच्या नळ्यांत अडकून घात करतो. याची पट्टी पिवळीच राहिली. पोटॅशियम ठीक, क्रिएटिनिन १.२. डॉक्टरांनी घरी सोडलं, पाणी भरपूर प्यायला सांगितलं आणि दुखण्याच्या गोळ्यांना सक्त मनाई केली. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधं अशा वेळी किडनीवरचा ताण वाढवतात. आपल्याकडे मेडिकलवाल्याकडून ती चिवड्यासारखी मिळतात म्हणून मुद्दाम सांगतोय.

शुक्रवारी सीपीके ६,१००. त्याच्या वडिलांना वाटलं, हे काही उतरत नाही. पण या आकड्याची चालच अशी आहे. तो व्यायामानंतर लगेच वर जात नाही, दुसऱ्या ते चौथ्या दिवसापर्यंत चढतो आणि मग गळती थांबली की साधारण दीड दिवसाला निम्मा होतो. पुढच्या मंगळवारी १,२५० आणि सोळाव्या दिवशी १९०. म्हणून तुमचा दोन दिवसांचा ३,१८० हा कदाचित शिखरावरचाही नसेल. उद्या पुन्हा तपासून जास्त आला तर घाबरू नका, मात्र लघवीकडे लक्ष ठेवा.

सीपीके मर्यादेच्या दहापट, पाचपट, अशी धोक्याची रेघ वाचायला मिळेल, पण नुसत्या आकड्यावर कुणी ॲडमिट करू नये आणि नुसत्या आकड्यावर कुणी सोडूही नये. आठ हजार घेऊन चालत गेलेला पोरगा मी बघितला. आणि त्याहून कमी आकड्याचा एक जण, उन्हात पळून, पाणी न पिता, वरून दुखण्याच्या दोन गोळ्या खाऊन आला होता, त्याला सलाईनवर ठेवावं लागलं. किडनी आणि लघवी काय सांगतात ते बघायचं.

पावडरचा हात लागतो तो दुसऱ्याच आकड्यावर, क्रिएटिनिनवर. क्रिएटिन जास्त घेतलं की त्याचा कचराही थोडा जास्त निघतो, त्यामुळे १.१ चं १.३ होऊ शकतं आणि किडनी मात्र ठणठणीत असते. हा फरक न ओळखता एखाद्याला "किडनी गेली" म्हणून घाबरवलेलं मी ऐकलंय. शंका असेल तर सिस्टॅटिन सी नावाची तपासणी करता येते, ती स्नायू आणि पावडर दोन्हींवर फारशी अवलंबून नाही. जाडजूड अंगाच्या पैलवानाचं क्रिएटिनिन पावडर न घेताही जरा वरच असतं.

मग बंद करायचं का? सीपीकेसाठी बंद करायची गरज नाही. पुन्हा तपासणी होईपर्यंत थांबवलं तरी बिघडत नाही, डॉक्टरांच्या डोक्यातली एक शंका कमी होईल, इतकंच. पण आठवडाभर थांबून "पावडर सोडली आणि सीपीके उतरला" असा निष्कर्ष काढू नका. तो विश्रांतीनं उतरतो. स्नायूत साठलेलं क्रिएटिन पूर्ववत व्हायलाच चार-सहा आठवडे लागतात. उलट एक विचारतो: डब्यात नुसतं क्रिएटिन आहे, की त्यासोबत धडधड वाढवणारी, व्यायामाआधी घ्यायची कसली तरी मिश्र पावडरही आहे? ती मात्र आधी बाजूला ठेवा.

पुढची तपासणी सात दिवस जड व्यायाम न करता द्या. चालणं चालेल. त्या आठवड्यात कमरेत इंजेक्शन घेऊ नका, स्नायूत टोचलेलं इंजेक्शनही सीपीके वाढवतं. लॅब तीच ठेवा. आकडा मर्यादेत आला की विषय संपला. नीट विश्रांती घेऊनही तो दोन वेळा मर्यादेच्या दीडपटीवरच राहिला, तर कारण व्यायाम नाही असं धरून थायरॉइडची टीएसएच तपासणी, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू आहे का, नुकताच मोठा ताप येऊन गेला का, घरात कुणाला स्नायूंचा आजार आहे का, हे डॉक्टरांशी बोला.

तो खानापूरचा पोरगा तीन आठवड्यांनी परत तालमीत गेला, ६० बैठकांपासून. दर आठवड्याला थोड्या वाढवत दोन महिन्यांत ५०० ला पोचला आणि गंमत म्हणून माझ्याकडे रक्त देऊन गेला. सीपीके ४१०. पावडर तेव्हाही घेत होता आणि पहिल्या रविवारीही घेत होताच, त्याच डब्यातली, रोज एक चमचा.