एनआरओच्या व्याजातून कर का कापला जातो?

'आम्ही दुबईत असतो. एनआरई खात्याचं व्याज पूर्ण मिळतं, एनआरओ खात्याचं कर कापून येतं. असं का?'

फरक पैसा कुठून आला याचा. दुबईचा पगार एनआरईत येतो; परदेशातली कमाई भारतात आणणाऱ्या अनिवासींना त्यावरचं व्याज करमुक्त. रत्नागिरीच्या घराचं भाडं, आंब्याच्या बागेचे पैसे ही इथलीच कमाई, ती सहसा एनआरओत जमा होते. बाग खंडाने दिली तर तो खंड शेती उत्पन्न म्हणून करमुक्त, पण तेच पैसे एफडीत टाकले की व्याज करपात्र. इथेच बरेच जण फसतात.

समजा, एनआरओत ५ लाखांची एफडी, व्याज ३५,००० रुपये. बँक ३१.२ टक्के, म्हणजे १०,९२० रुपये कापते. १५जी देऊन हे थांबत नाही; तो फॉर्म निवासींसाठी आहे. मात्र यूएईचा रहिवासी कर दाखला आणि १०एफ फॉर्म व्याज जमा होण्याआधी बँकेत दिलात, तर भारत-यूएई कर करारानुसार दर १२.५ टक्के, म्हणजे ४,३७५ रुपये. दाखला दरवर्षी नवा लागतो. आधीच जास्त कापले असतील तर रिटर्न भरून परत मागा. आणि कायमचे गावी परतलात की बँकेला कळवा. एनआरईची सवलत तिथे संपते.