ताईंना काय द्यायचं?

“आई, विशारद झाल्यावर गाण्याच्या ताईंना काय देऊ? माझ्याकडे शिकवणीचे ६० डॉलर आहेत. मैत्रिणी म्हणतात गिफ्ट कार्ड दे, आजी म्हणते शाल-श्रीफळ दे. नारळच का? आणि पाकिटात एक डॉलर जास्त का घालायचा?”

प्रिय सई,

प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा, आणि त्या सगळ्या एकाच गुरूंकडे. इथे एडिसनमध्ये राहून हे होणं सोपं नव्हतं. म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत न उरकता लिहून पाठवते आहे.

आधी आजीचं. तिचं बरोबर आहे. शाल, श्रीफळ आणि दक्षिणा हे आपल्याकडचं मान देण्याचं रूप आहे. फी आपण दर महिन्याला देत आलो, तो हिशेब वेगळा. दक्षिणा हा फीचा शेवटचा हप्ता नसतो. ती शिकणाऱ्याने आपल्या हाताने आणि आपल्या ऐपतीने द्यायची असते, म्हणून ती तुझ्या कमाईतूनच जाऊ दे, त्यात मी भर घालणार नाही. २१ डॉलर पुरे. शून्यावर थांबणारी रक्कम पुरी झाल्यासारखी वाटते. वरचा एक म्हणजे पुढचं खातं उघडं ठेवणं, नातं इथे संपत नाही असं सांगणं. म्हणून ५१, १०१, ५०१ देतात. इंडियन स्टोअरमध्ये वर रुपया चिकटवलेली पाकिटं मिळतात, तसलं एक घे आणि आत वीस आणि एक अशा दोन नोटा घाल.

नारळ हे आपल्याकडे मानाचं फळ. पूजेला, लग्नात, सत्कारात, नव्या कामाच्या आरंभाला तो असतो. तो अखंड असतो, बरेच दिवस टिकतो आणि शेवटी स्वयंपाकात वापरला जातो, वाया जात नाही. मला वाटतं, साध्या घरातल्या माणसालाही देता येईल असं मानाचं काहीतरी हवं होतं, ते यात सापडलं. फक्त नारळ निवडताना घाई करू नकोस. अमेरिकन सुपरमार्केटमधल्या सोललेल्या नारळाला पुष्कळदा मधोमध चीर दिलेली असते आणि शेंडी काढलेली असते. तो खायला चांगला, द्यायला नाही. ओक ट्री रोडवर शेंडीचे नारळ मिळतात. हातात जड लागला पाहिजे, कानाशी हलवल्यावर पाणी वाजलं पाहिजे. शेंडीखाली तीन डोळे असतात, तिथे ओल किंवा पांढरट बुरशी दिसली तर तो ठेवून दुसरा घे. पाणी वाजतच नसेल तर तो आतून सुकलेला किंवा गळलेला असतो. आणल्यावर धुऊन पुसून हळदीकुंकवाचं एक बोट लाव आणि देताना शेंडी ताईंच्या बाजूला ठेव.

ओटी भरावी का, असं तू विचारलं नाहीस, पण आजी विचारेल. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी असं ओंजळीने घालायची ओटी परंपरेने सवाष्णीने सवाष्णीची भरायची असते. अलीकडे कितीतरी घरांत तो भेद पाळत नाहीत आणि मला ते मनापासून पटतं. पण ताईंच्या यजमानांना जाऊन फार दिवस झालेले नाहीत. त्यांच्या मनात काय येईल हे आपल्याला ठाऊक नसताना तो प्रसंग त्यांच्यावर आणू नये. शाल-श्रीफळ गुरूला, लेखकाला, शेजारच्या काकांना, कोणालाही देता येतं. तिथे माणूस सवाष्ण आहे की नाही हे कोणी पाहत नाही. म्हणून आपण तेच देऊ.

आता तुझ्या मैत्रिणींचं. गिफ्ट कार्डात वाईट काही नाही, पण ते कोणीही कोणालाही देऊ शकतं. ताईंना फक्त तूच देऊ शकतेस अशी एक गोष्ट तुझ्या कपाटात पडून आहे: तुझ्या बंदिशींच्या वह्या. ताई शिकवतात तोंडी. त्यांनी कोणत्या विद्यार्थ्याला कोणत्या रागात काय दिलं, याची नोंद त्यांच्याकडे कुठेही एकत्र नाही. हे त्यांनीच एकदा माझ्याजवळ बोलून दाखवलं होतं. तुझ्या वह्यांत ती आहे, पण कशी? कुठे रोमन अक्षरांत, कुठे अर्धा अंतरा, कुठे नुसतं ‘तान नं. ३’. त्यातल्या पंधरा-वीस बंदिशी निवडून एका चांगल्या बांधणीच्या वहीत, देवनागरीत, स्वरलिपीसह स्वच्छ उतरवून ताईंच्या हातात दे. ही तुझी खरी भेट. शाल आणि नारळ तिच्यासोबत जातील.

हे काम दिसतं त्यापेक्षा किचकट आहे, म्हणून कसं करायचं ते सांगते. वही आडवी धर. तीनतालाला १६ मात्रा, म्हणून १६ रकाने आखायचे आणि दर चार मात्रांनंतर विभागाची उभी रेघ ओढायची. वर भातखंडे पद्धतीच्या खुणा: समेवर ×, पाचव्या मात्रेवर २, नवव्या मात्रेवर खालीचं ०, तेराव्यावर ३. तुझ्या यमनच्या छोट्या ख्यालाचा मुखडा खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठतो. म्हणून ओळ पहिल्या मात्रेपासून सुरू करायची नाही. ती नवव्यापासून सुरू कर, म्हणजे डोक्यावरच्या खुणा ०, ३, ×, २ या क्रमाने येतील. तुझ्या जुन्या वहीत तू सरळ पहिल्या रकान्यापासून लिहीत गेली आहेस, त्यामुळे समेचं अक्षर खालीच्या मात्रेवर, म्हणजे नवव्या रकान्यात जाऊन बसलंय. लिहून झालं की हाताने ताल धरून वाच. टाळी समेवर पडेल त्याच क्षणी बोट × खालच्या अक्षरावर असलं पाहिजे. नसेल तर तो रकाना चुकलाय.

वरच्या ओळीत स्वर, खालच्या ओळीत शब्द. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. स्वर लांबला तर आडवी छोटी रेघ, शब्द लांबला तर अवग्रह. एका मात्रेत दोन-तीन स्वर असतील तर त्यांच्याखाली कंस. सगळ्यात जास्त चुका कोमलाच्या रेघेत होतात. बागेश्रीत गंधार-निषादाखालची रेघ राहिली तर कागदावर तो बागेश्री उरतच नाही, आणि गाणाऱ्याच्या डोक्यात राग पक्का असल्यामुळे स्वतःची ही चूक स्वतःला दिसत नाही. म्हणून प्रत्येक पान झालं की फक्त रेघा तपासायला एकदा वेगळं वाच. आधी पेन्सिलने लिही, तपासून झाल्यावर शाईने गिरव.

विलंबित ख्याल पूर्ण लिहायच्या भरीस पडू नकोस. एकतालाच्या १२ मात्रा विलंबित लयीत इतक्या ताणलेल्या असतात की प्रत्येकीचे चार भाग करूनच लिहावं लागतं, आणि खरं गाणं तर आलापात असतं, ते लिपीत मावत नाही. स्थायीचं पहिलं आवर्तन मुखड्यासकट लिही. बाकी स्थायी-अंतऱ्याचे शब्द सलग लिही आणि सम कोणत्या अक्षरावर येते तिथे × कर. ताईंना तेवढं पुरे आहे.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार आहे. ताईंनी शिकवलेला पाठ छापील पुस्तकापेक्षा वेगळा असेल तर ताईंचाच ठेवायचा. तुझ्या केदारच्या बंदिशीत अंतऱ्याचा एक शब्द पुस्तकात वेगळा आहे, आणि तू वहीत ताईंचा शब्द खोडून पुस्तकातला लिहिला आहेस. तो परत फिरव. बंदिशी तोंडातून तोंडात आल्या, त्यात पाठभेद होणारच, आणि ताईंना त्यांच्या गुरूंकडून जो शब्द मिळाला तो त्या घराचा शब्द आहे. तुला अर्थ लागत नसेल तर समासात प्रश्नचिन्ह कर आणि ताईंनाच विचार. तसंच कोणती बंदिश पारंपरिक, कोणती ताईंच्या गुरूंची आणि कोणती ताईंची स्वतःची, हेही वर लिही. जिथे माहीत नाही तिथे जागा मोकळी सोड, त्या स्वतःच्या हाताने भरतील. आणि यातली कोणतीही बंदिश त्यांना विचारल्याशिवाय इंटरनेटवर टाकायची नाही, रेकॉर्डिंग तर नाहीच.

खर्च असा बसेल: दक्षिणा २१, वही आणि शाई मिळून साधारण १५, उरलेल्यात नारळ, पाकीट आणि एक साधी सुती शाल. जरीची भारी शाल नको. जास्त महाग काही दिलंस तर क्लासमधल्या पुढच्या मुलांच्या आईवडिलांना तेवढंच द्यावंसं वाटायला लागतं, आणि दोन मुलं शिकवणाऱ्या घरांना ते जड जातं. याच कारणासाठी क्लास भरलेला असताना देऊ नकोस. ताईंना वेळ विचारून घरी जा.

गेल्यावर आधी तानपुऱ्याला नमस्कार, मग ताईंना वाकून. शाल प्लॅस्टिकमधून काढून उलगडून त्यांच्या खांद्यावर घाल. मग नारळ आणि पाकीट तबकात ठेवून दोन्ही हातांनी दे, जमिनीवर काही ठेवायचं नाही. त्या ‘अगं, हे कशाला’ म्हणतील. तेव्हा समजावत बसू नकोस, ‘ताई, घ्या’ एवढंच म्हण. पाकीट त्यांनी परत तुझ्याच हातात ठेवलं तर एकदा आग्रह कर. तरीही नाही म्हणाल्या तर निमूट ठेवून घे आणि ते पैसे त्यांच्याच एखाद्या लहान विद्यार्थ्याच्या परीक्षेच्या फीला दे. वही सगळ्यात शेवटी दे, आणि त्यांनी उघडली तर उठायची घाई करू नकोस. त्या चुका काढतील, पेन्सिल मागतील. पेन्सिल सोबत ने.

शाल मी या शनिवारी बघून ठेवते, रंग तू फोनवर सांग. तू सुट्टीला घरी येण्याआधी तीनतालातल्या बंदिशी संपव. झपतालातल्या दोन राहू देत, तिथे २-३-२-३ चे विभाग आखताना तुझा नेहमी गोंधळ होतो. त्या आपण स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून मिळून करू.

तुझी,
आई