युद्धबंदी झाली, पण युद्धबंदी सुटले का?

‘युद्धबंदी होऊन वर्ष झालं तरी युद्धबंदी सुटले नव्हते, असं वाक्य वाचलं. एकच शब्द दोन अर्थांनी चालतो का? आणि लढाई थांबली की कैदी लगेच सोडायचे, असा नियम नाही का?’

चालतो, कारण हे मुळात दोन शब्द आहेत. ‘मनाई, थांबवणे’ या अर्थाची बंदी फारसी ‘बंद’वरून आली, ती स्त्रीलिंगी. कैदी या अर्थाचा बंदी संस्कृत ‘बन्दिन्’वरून आला, तो पुल्लिंगी. नुसत्या रूपात ते सारखे दिसतात, पण विभक्ती लागली की वेगळे होतात: युद्धबंदीला मान्यता मिळते, युद्धबंद्याला पत्र मिळते. तरी एकाच वाक्यात दोन्ही आले तर कैद्याला ‘युद्धकैदी’ म्हणावे. वाचणारा अडखळत नाही.

आता नियम. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचे ११८ वे कलम सांगते की प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब सोडून मायदेशी पाठवावे. इथे ‘युद्धबंदी झाल्यावर’ असे भाषांतर केले तर अर्थ निसटतो. जखमी उचलण्यापुरता काही तास गोळीबार थांबला, तरी आपण त्याला युद्धबंदी म्हणतो. तेवढ्याने हे कलम लागू होत नाही. उलट, लढाई खरोखर संपली असेल तर तहावर सह्या होण्याची वाट पाहता येत नाही. हे शब्द मुद्दाम निवडलेले आहेत. १९२९ च्या करारात कैद्यांची सुटका तहाशी जोडलेली होती, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीशी तहच न झाल्याने माणसे वर्षानुवर्षे अडकून पडली.

गंभीर जखमी आणि आजारी कैद्यांसाठी तर लढाई संपण्याचीही अट नाही. प्रवास झेपेल इतके बरे झाले की त्यांना युद्ध चालू असतानाच परत पाठवायचे असते.

मग उशीर का होतो? १९७१ चे उदाहरण घ्या. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, दुसऱ्या दिवशी पश्चिम आघाडीही शांत झाली. भारताच्या ताब्यात सुमारे ९३ हजार लोक होते, त्यांत नागरिकही होते. भारताचे म्हणणे असे, की शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त सैन्यापुढे झाली, म्हणून बांगलादेशाच्या संमतीशिवाय सुटका नाही. पाकिस्तान ११८ व्या कलमावर बोट ठेवत होता, आणि शब्दांपुरते पाहिले तर त्याची बाजू भक्कम होती. सुटकेचा मार्ग मोकळा झाला तो ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारात.

त्यातही १९५ जणांवर बांगलादेशाला युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे होते. ज्यांच्यावर फौजदारी खटला चालू आहे त्यांना निकाल लागेपर्यंत ठेवून घेण्याची मुभा ११९ वे कलम देते. सरसकट सगळ्यांना नव्हे. एप्रिल १९७४ मध्ये बांगलादेशाने तो आग्रह सोडला आणि तेही परत गेले.

म्हणजे तुम्ही वाचलेले वाक्य व्याकरणाने बरोबर आहे. फक्त ‘युद्धबंदी होऊन’ऐवजी ‘लढाई थांबून’ लिहिले असते, तर नियम मोडल्याची तक्रारही त्यात नेमकी उमटली असती.