जवस जेलच्या व्हिडिओचं शीर्षक आणि वर्णन कसं लिहावं

प्रश्न: "माझ्या जवस जेलच्या यूट्यूब व्हिडिओचं शीर्षक 'केस गळती ७ दिवसांत बंद, रामबाण घरगुती उपाय' असं आहे. असं लिहू नको म्हणतात. पण हे काढलं तर शोधात व्हिडिओ सापडेल कसा?"

ताई, सापडेल. लोक शोधतात ते जिन्नस, कृती आणि केसांची तक्रार. 'बंद', 'रामबाण', '७ दिवसांत' हे तुमचे दावे आहेत, ते काढले तरी बाकीचे शब्द जागेवरच राहतात.

मी एकच कसोटी लावतो: तुम्ही लिहिलेला परिणाम कॅमेऱ्यासमोर, लावल्या लावल्या दाखवता येतो का? केस मऊ लागतात, गुंता सुटतो, चमक येते, हे दाखवता येतं. गळणं थांबलं किंवा नवीन केस आले हे दाखवता येत नाही, तो इलाजाचा दावा झाला. चेहऱ्याच्या लेपालाही हेच लागू. 'चेहरा तुकतुकीत दिसतो' चालेल, 'वांग जातो' नको.

शीर्षक असं करा: "जवसाचं जेल घरी कसं करायचं | कोरड्या, राठ केसांसाठी". शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, पण मोबाइलवर पुढचा भाग कापला जातो, म्हणून 'जवसाचं जेल' सुरुवातीलाच हवं.

वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींवर खरी मेहनत घ्या, कारण 'आणखी' न दाबता तेवढंच दिसतं:

"पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आच. अंड्याच्या पांढऱ्यासारखं दाटसर झालं की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळायचं. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्याने आणि उन्हाने राठ झालेले केस धुतल्यावर विंचरायला सोपे जातात."

आपल्याकडच्या बाया ज्या भाषेत तक्रार सांगतात, तीच इथे आली. 'केस गळती' हवीच असेल तर खाली घाला: "हे जेल केस गळतीवरचा इलाज नाही. गळती जास्त असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा." शब्द आला, खोटं आलं नाही. मात्र वर रामबाण लिहून खाली अशी सूचना टाकली तर वरचा दावा धुऊन निघत नाही.

टॅगचा फायदा फारच थोडा, हे यूट्यूब स्वतःच सांगतं. वेगवेगळ्या तऱ्हेने टाइप होणारे शब्द तेवढे तिथे द्या: `javas gel`, `alsi gel`, `अळशी जेल`. तेच शब्द वर्णनात रांगेने ओतू नका, ते नियमाविरुद्ध आहे. खरूज, गजकर्ण असले टॅगही नकोत. व्हिडिओत नाही ते लिहिणं म्हणजे दिशाभूल.

थंबनेलवर टक्कल आणि दाट केसांची जोडी लावली, किंवा बोलताना "गळती थांबते बरं का" म्हणालात, तर शीर्षक कितीही सोज्वळ असून उपयोग नाही. ते वाक्य संपादनात कापा.

थोडे शोध हातचे जातील, हे खरं. 'केस गळती उपाय' या शोधात मोठे चॅनेल आधीच बसलेत, तिथे नव्या चॅनेलला तसाही वाव कमी. महिन्याभराने स्टुडिओच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये यूट्यूब शोधातून कोणत्या शब्दांनी लोक आले ते बघा. 'जवस जेल किती दिवस टिकतं' असं काही दिसलं, तर त्याचं उत्तर वर्णनात घाला: फ्रिजमध्ये साधारण आठवडाभर, वास बदलला की टाकून द्या.