मीटिंगचा सारांश पाठवला, मंजुरी मागितली, आणि उत्तर आलं 'नोटेड'

प्रश्न: चाकणच्या एका ऑटो पार्ट कंपनीत प्लांट को-ऑर्डिनेटर आहे. महिन्याच्या आढावा मीटिंगनंतर एमडी आणि सीएफओ साहेबांना मिनिट्स पाठवतो. यावेळी तीन मंजुऱ्या हव्या होत्या: नवा कॉम्प्रेसर, दिवाळी शटडाऊन वाढवणं आणि कॅन्टीनची वेळ बदलणं. दोनदा मेल केला, उत्तर फक्त 'नोटेड'. मेल कसा लिहू?

उत्तर: 'नोटेड' म्हणजे वाचलं, मंजूर केलं असं नव्हे. त्यावर पर्चेस ऑर्डर काढलीत तर ऑडिटमध्ये मंजुरी दाखवता येणार नाही. असं उत्तर येतं कारण मिनिट्सच्या मेलला तेच उत्तर साजतं. चौदा मुद्द्यांच्या यादीत नववा मुद्दा मंजुरीचा असेल, तर आपल्याकडून काही हवंय हे वाचणाऱ्याला कळतच नाही. म्हणून मिनिट्स पीडीएफ करून जोडा आणि मेलच्या मजकुरात आधी निर्णय, मग चार-पाच ओळींत सारांश ठेवा.

त्याआधी कंपनीचा अधिकार तक्ता बघा, म्हणजे किती रकमेपर्यंत आणि कशावर कोणाची सही चालते तो. कॅन्टीनची वेळ बहुधा प्लांट हेडच्याच अधिकारात असेल. मग ती एमडींकडे न्यायची नाही, सारांशात 'ठरलं' म्हणून एक ओळ पुरे. उरले दोन निर्णय. 'टू'मध्ये फक्त मंजुरी देणारे, बाकी सगळे 'सीसी'त. 'टू'मध्ये सहा नावं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा उत्तर देईल.

मेल इंग्रजीत लिहिलात तरी क्रम हाच ठेवा:

विषय: मंजुरी हवी (2 निर्णय), शुक्रवार 4 सप्टेंबरपर्यंत – ऑगस्ट प्लांट आढावा

सर, कालच्या आढावा मीटिंगमधल्या दोन निर्णयांवर आपली मंजुरी हवी आहे. '1 मंजूर, 2 मंजूर' एवढं उत्तर पुरेल.

1. (सीएफओ सर) 75 किलोवॉटचा स्क्रू कॉम्प्रेसर, 18.50 लाख अधिक 18 टक्के जीएसटी, एकूण 21.83 लाख. यंदाच्या कॅपेक्स बजेटमध्ये तरतूद आहे. सध्या भाड्याच्या कॉम्प्रेसरला महिना 1.10 लाख जातात. डिलिव्हरीला 8 आठवडे लागतात आणि पाइपलाइन जोडायला लाइन बंद लागते. 4 तारखेला ऑर्डर गेली नाही तर दिवाळीच्या शटडाऊनमध्ये जोडणी होणार नाही.

2. (एमडी सर) दिवाळी शटडाऊन 4 ऐवजी 6 दिवस, 7 ते 12 नोव्हेंबर. कारण: वरची जोडणी आणि प्रेसचं ओव्हरहॉल. सेल्सचा आक्षेप: दोन दिवसांचा डिस्पॅच अडेल. प्रॉडक्शनचा उपाय: आधीचे दोन रविवार काम करून तेवढा स्टॉक करणं. प्लांट हेडची शिफारस: 6 दिवस.

यात तारखेमागचं कारण सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं 'अर्जंट' लिहिलं तर मेल मागे पडतो. 4 सप्टेंबरपासून 8 आठवडे मोजले की 30 ऑक्टोबर येतो आणि शटडाऊन 7 नोव्हेंबरला सुरू होतो, म्हणजे हाताशी एकच आठवडा उरतो. हे गणित साहेब स्वतः करून बघू शकतात, म्हणून ते तारीख मान्य करतात. रकमेचंही तसंच: जीएसटी धरून की सोडून हे लिहिलं नाही, तर सीएफओंचं पहिलं उत्तर प्रश्नच असेल आणि त्यात दोन दिवस जातील.

सेल्सचा आक्षेप लपवू नका. तो मेलमध्ये नसला तर सेल्स हेड एमडींना फोन करून सांगतील आणि तुमचा मेल तिथेच थांबेल. मात्र आक्षेपाचं वाक्य पाठवण्याआधी त्यांना दाखवा, 'असं लिहितोय, बरोबर आहे ना' म्हणून. रक्कमही आधी फायनान्सच्या माणसाकडून तपासून घ्या. हे सगळं करून मेल मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेला पाहिजे, नाहीतर चर्चा विसरली जाते.

'उत्तर न आल्यास मंजूर समजू' हे वाक्य पैशांच्या बाबतीत कधीही लिहू नका. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच मेलवर एक ओळ टाका: 'सर, निर्णय 1 साठी शुक्रवार ही शेवटची तारीख आहे.' आणि पीएला फोन करा. नवा मेल सुरू केलात तर आधीचा तपशील तुटतो.

उत्तर पुष्कळदा अटीसह येतं: 'ओके, पण 18 च्या आत बसवा.' ही अजून पूर्ण मंजुरी नाही. लगेच त्याच मेलवर लिहा: 'सर, जीएसटी सोडून 18 लाखांपर्यंत मंजूर असं धरून पुरवठादाराशी बोलतो, बरोबर ना?' 'हो' आलं की पूर्ण मेल-साखळी पीडीएफ करून पर्चेस रिक्विझिशनला जोडा. नंतर पुरवठादाराने किंमत वाढवली तर जुन्या मंजुरीवर ऑर्डर काढू नका. नवा आकडा त्याच साखळीत टाकून पुन्हा मंजुरी घ्या.