'पुण्यतिथी साजरी' : खोडलेल्या क्रियापदाची बाजू

प्रश्न : "धर्म आणि सामूहिक स्मृती या विषयावर निबंध लिहितेय. 'हुतात्म्यांची आणि संतांची पुण्यतिथी साजरी केली जाते' या वाक्यातलं 'साजरी' मार्गदर्शकांनी खोडून 'पाळली' केलं. म्हणाले, मृत्यू साजरा करत नाहीत. बरोबर काय?"

उत्तर : हा तांबड्या शाईचा नियम मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि दर वेळी वैतागतो. कुठल्याशा शैलीपुस्तिकेत कुणीतरी 'जयंती साजरी, पुण्यतिथी पाळावी' असं लिहून ठेवलं आणि तेव्हापासून प्रत्येक मुद्रितशोधक ते वेदवाक्य समजतो.

मुळात 'साजरा' शब्दात आनंद नाहीच. 'साजणे' म्हणजे शोभणे. 'साजेसा' त्यातलाच, अभंगांतलं विठोबाचं 'साजिरं' रूपही त्यातलंच. वऱ्हाडात आजही 'साजरी पोरगी' म्हणजे देखणी पोरगी; ती आनंदी असेलच असं नाही! तेव्हा दिवस साजरा करायचा म्हणजे त्या दिवसाला शोभेल असं काही करायचं. हे सगळं फारसी 'साज'वर ढकलणाऱ्यांशी माझं भांडण आहे. आपल्याकडे 'सज्ज'पासून आलेलं धडधाकट क्रियापद घरात असताना बाहेर उसनं मागायला का जावं? असो.

आता 'उरूस' घ्या. हा माझा लाडका शब्द. आपण त्याचा अर्थ 'दर्ग्याची जत्रा' एवढाच करतो, पण अरबी 'उर्स' म्हणजे लग्न. सूफी परंपरेत पीराचा मृत्यू म्हणजे त्याचं परमेश्वराशी मीलन, म्हणून उरूस भरतो तो त्याच्या मृत्यूच्या तिथीला. संदलची मिरवणूक निघते, कबरीला चंदनाचा लेप लागतो, गलेफ चढतो. लग्नघरात 'पाळायचं' काय?

याहून जुना दाखला स्मर्नाचा आहे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमिरचा. दुसऱ्या शतकात तिथला वृद्ध बिशप पॉलिकार्प याला रोमन अधिकाऱ्यांनी मारलं. तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी दुसऱ्या गावच्या मंडळींना पत्र लिहून ती हकीकत कळवली. ते पत्र उपलब्ध आहे, निबंधासाठी ते वाचाच. विरोधकांना भीती होती की ही माणसं आता क्रुसावरच्याला सोडून यालाच भजू लागतील, म्हणून प्रेत ताब्यात न देता जाळून टाकलं. मग मंडळींनी अस्थी वेचल्या, 'रत्नांहून मोलाच्या' म्हणून योग्य जागी ठेवल्या आणि ठरवलं की दर वर्षी तिथे जमून त्याच्या हौतात्म्याचा 'जन्मदिवस' साजरा करायचा. मूळ ग्रीकमध्ये खरोखर जन्मदिवसाचाच शब्द आहे. कशासाठी जमायचं, तेही त्यांनी सांगितलंय. आधी झुंजून गेलेल्यांच्या आठवणीसाठी आणि पुढे झुंजणाऱ्यांच्या तयारीसाठी. स्मरण भूतकाळापेक्षा जमलेल्यांच्या उद्यासाठी असतं, हा तुमच्या स्मृती-अभ्यासातला मुद्दा त्या पत्राच्या एका वाक्यात आलाय.

चर्चची दिनदर्शिका पुढे याच वळणावर गेली. येशू, मारिया आणि बाप्तिस्मा करणारा योहान यांचे जन्मदिवस सणांत आहेत. बाकी बहुतेक संतांचा सण त्यांच्या मृत्यूच्या दिवशी. जुन्या गोव्यात ३ डिसेंबरला फ्रान्सिस झेवियरचं फेस्त भरतं. तो १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला, तो हाच दिवस. त्या गर्दीतल्या कुणाला सांगून बघा की तुम्ही पुण्यतिथी पाळताय!

आपल्या वारकऱ्यांना तर हे शिकवायला नको. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत होतो तो संजीवन समाधी 'सोहळा', आणि बीजेला देहूत होतो तो वैकुंठगमन 'सोहळा'. सोहळा पाळल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता मार्गदर्शकांच्या बाजूनं एक गोष्ट. तुमच्या वाक्यात संतांच्या आधी 'हुतात्म्यांची' आहे, आणि तिथे सरसकट 'साजरी' चालणार नाही. इ.स. ६८० मध्ये करबलाला हुसेन मारले गेले. त्या आशुऱ्याच्या दिवशी शिया मजलिस भरवतात, मातम करतात. तो दिवस शोकाचा, तो 'पाळतात'च. (आशुऱ्याला आणि गुड फ्रायडेला 'हार्दिक शुभेच्छा' पाठवणाऱ्यांबद्दल इथे लिहीत नाही, संपादक कापतील.) मात्र कित्येक मराठी गावांत हिंदू-मुसलमान मिळून ताबूत बसवतात, वाजतगाजत डोले नाचवतात. प्रसंग तोच, हुतात्माही तोच, पण इथे 'पाळतात' हा शब्द तोकडा पडतो. ३० जानेवारीला सकाळी अकराला दोन मिनिटं उभं राहतात, ते मात्र निःसंशय पाळणं.

म्हणजे क्रियापद मृत्यू बघून ठरत नाही, जमलेली माणसं काय करताहेत ते बघून ठरतं. तेव्हा तुमचं वाक्य तोडा. संतांना 'साजरी' ठेवा, हुतात्म्यांच्या बाबतीत कोणता हुतात्मा आणि कुठला समाज ते आधी लिहा, मग क्रियापद निवडा. आणि मार्गदर्शकांनी पुन्हा खोडलंच, तर उरुसाची व्युत्पत्ती समासात लिहून द्या.