वाचनालयाच्या निधीसाठी चित्रफितीची संहिता : एक उत्तर

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयातील बालविभागाचे पत्रे गळतात. चाळीस पत्र्यांचे, मजुरीसह दोन लाखांचे दरपत्रक आले आहे. तीन मिनिटांची चित्रफीत करायची आहे. समितीच्या मसुद्यात स्थापनेचा इतिहास आणि अध्यक्षांचे मनोगत आहे. बाजारात भाजी विकणाऱ्या एक बाई दर शनिवारी मुलीसाठी पुस्तक नेतात, पावसाळ्यात मात्र बालविभाग बंद असतो, एवढे सुचले आहे. याची कथा कशी करावी?

उत्तर : कथा तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. इतिहास आणि मनोगत दोन्ही काढा, अध्यक्षांची नाराजी काही दिवस सोसावी लागली तरी चालेल. देणगीदाराला संस्थेचे वय कळून काही वाटत नाही, तिथे नेमके कोणाचे काय अडले आहे हे दिसले की वाटते. शिवाय कथेतील अडचण आणि तुम्ही मागत असलेले पैसे यांचा थेट संबंध हवा. बाईंची गरिबी हा कथेचा विषय केलात, तर प्रेक्षकाला त्यांना मदत करावीशी वाटेल आणि पत्र्यांची मागणी उपरी ठरेल. म्हणून अडथळा एकच ठेवा : त्या पुस्तक न्यायला येतात आणि बालविभागाला कुलूप असते.

पहिली वीस सेकंदे केवळ बाजार दाखवा. भाजीची टोपली, वजनकाटा आणि बाजूला पिशवीत ठेवलेले, परत करायचे पुस्तक. निवेदन नको. त्यानंतरचे सुमारे पाऊण मिनिट त्यांच्या शनिवारच्या सवयीला द्या : पुस्तक परत देणे, मुलीने सांगितलेले नाव ग्रंथपालांना विचारणे, देवघेव नोंदवहीत सही करणे. हा भाग आनंदाचा असू द्या. बहुतेक संहिता इथेच फसतात, कारण त्या पहिल्या क्षणापासून करुण सुरात बोलतात आणि मग पुढे गमावण्यासारखे काही उरत नाही.

मग पाऊस. बालविभागात बादल्या, कपाटांवर प्लॅस्टिक, दाराला कुलूप. बाई येतात, कुलूप पाहतात आणि परत जातात. इथे त्यांना रडायला लावू नका. त्याऐवजी कॅमेरा देवघेव नोंदवहीवर न्या. मे महिन्याचे पान सह्यांनी भरलेले आणि जुलैचे पान जवळपास कोरे, एवढे दाखवून पाच सेकंद शांत राहा. कथेचा सर्वांत खालचा बिंदू हा आहे आणि तो पुराव्यानिशी येतो. मात्र वही खरी असली पाहिजे. जुलैच्या पानावर चार नोंदी असतील तर त्या चारही दिसू द्या.

निवेदन यानंतर सुरू करा आणि ते ग्रंथपालांच्या आवाजात ठेवा. नमुन्यादाखल असे लिहिता येईल :

“गेल्या पावसाळ्यात बालविभाग बंद ठेवावा लागला. पुस्तके भिजू नयेत म्हणून आम्ही ती बांधून ठेवली. शासनाच्या परिरक्षण अनुदानातून वेतन आणि ग्रंथखरेदी भागते, छत भागत नाही. चाळीस पत्रे बदलायचे आहेत. एका पत्र्याला, मजुरीसह, पाच हजार रुपये लागतात. पाऊस सुरू होण्याआधी हे काम करायचे आहे.”

अनुदानाचे वाक्य गाळू नका, कारण ‘सरकार पैसे देते ना?’ हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो. तुमच्या हिशोबात अनुदान वेगळीकडे खर्च होत असेल तर त्याप्रमाणे वाक्य बदला. ‘दोन लाख’ म्हणण्यापेक्षा ‘एक पत्रा’ म्हटल्याने देणाऱ्याला आपला वाटा डोळ्यांसमोर आणता येतो. ज्याला पाच हजार जड जातात, त्याच्यासाठी ‘चौघांत मिळून एक पत्रा’ असे एक वाक्य जोडा. शेवटी दुरुस्त झालेल्या छताचे काल्पनिक दृश्य घालण्याचा मोह आवरा. कथा पूर्ण झालेली दिसली की देणाऱ्याचे काम उरत नाही. ते दृश्य काम झाल्यावर खरेच चित्रित करून देणगीदारांना पाठवा.

बाईंची आणि मुलीची लेखी संमती आधी घ्या आणि तयार चित्रफीत प्रथम त्यांना दाखवा. मुलीचे नाव, शाळा, घर काहीही येऊ देऊ नका. माझ्या मते तिचा चेहराही न दाखवता कथा उभी राहते.

प्रसारापूर्वी वाचनालयाशी संबंध नसलेल्या तिघांना चित्रफीत दाखवून ‘पैसे कशासाठी हवेत?’ एवढेच विचारा. ‘गरीब मुलांसाठी’ असे उत्तर आले, तर बाजाराचा भाग कापा आणि कुलपाचा वाढवा.

शेवटच्या पाटीवर ‘देशविदेशातील सर्वांनी’ असे लिहू नका. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या गावकऱ्याची देणगी, तो मूळचा इथला असला तरी, विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी अथवा पूर्वपरवानगीशिवाय स्वीकारता येत नाही. भारतीय पारपत्र असलेल्याने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी चालते. पाटीवर संस्थेचे नाव बँक खात्यात आहे तसेच, अक्षरशः तेच लिहा. क्यूआर कोड टिपल्यावर मोबाइलवर वेगळे नाव दिसले, तर पैसे पाठवायला निघालेला माणूस तिथेच थांबतो.